दुभाष्या बदलला, गाव बदललं

जेराल्ड बेरेमन हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९५७-५८ मध्ये डेहराडूनजवळच्या गढवाली डोंगरातल्या एका खेड्यात राहिले. पुस्तकात त्यांनी गावाला ‘सिरकंडा’ असं टोपणनाव दिलं. गाव चारशेच्या आतल्या वस्तीचं होतं. त्यात बहुसंख्य राजपूत, काही ब्राह्मण, आणि लोहार, न्हावी व बाजगी अशा कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींची मोजकी घरं. या मुक्कामावर त्यांनी लिहिलेलं ‘बिहाइंड मेनी मास्क्स’ हे प्रकरण आधी १९६२ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालं. क्षेत्रकार्य शिकवताना ते आजही वाचायला देतात. त्यात गावाची माहिती थोडी आहे. ती माहिती कशी मिळाली, कुणी दिली, कुणी दडवली, याचा हिशेब जास्त आहे.

या प्रकरणावर वर्गात चर्चा होते तेव्हा प्रश्न साधारण तीन दिशांनी येतात. संशोधक कुठे उभा होता? त्याने नेमकं काय पाहिलं? आणि त्याने समाजाचं जे चित्र मांडलं ते त्या समाजाला न्याय देणारं आहे का? हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे हाताळले तर उत्तरं गुळगुळीत येतात. ‘संशोधकाने तटस्थ राहावं’, ‘सगळ्यांचं ऐकून घ्यावं’, इथवर चर्चा येते आणि थांबते. एकाच गावातली, एकाच विधानाची छाननी करत गेलं तर मात्र तिन्ही प्रश्न एकमेकांत कसे गुंतलेत ते दिसतं. भारतीय खेड्यांवरच्या अभ्यासांमध्ये अशी छाननी करायला भरपूर सामग्री आहे.

संशोधकाच्या शेजारी कोण बसलं होतं?

बेरेमन गावात गेले तेव्हा त्यांच्यासोबत मदतनीस आणि दुभाषे म्हणून शर्मा नावाचे तरुण ब्राह्मण होते. शर्मा मैदानी प्रदेशातल्या ब्राह्मणी रीतीत वाढलेले होते. पहाडी हिंदूंचे आचार मात्र मैदानातल्या उच्चवर्णीयांपेक्षा बरेच मोकळे होते. मांस खाणं, दारू पिणं, देवाला पशुबळी देणं यात तिथे काही वावगं मानलं जात नसे. मैदानी ब्राह्मणाच्या नजरेत या गोष्टींमुळे आपण खालचे ठरू, हे राजपुतांना आणि पहाडी ब्राह्मणांना चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे शर्मांसमोर त्यांनी या गोष्टी झाकल्या. कनिष्ठ जातींचे लोक तर शर्मांपासून अंतर राखूनच होते. शर्मांनाही आपली प्रतिष्ठा सांभाळायची होती. त्या लोकांच्या घरी सैलपणे बसून गप्पा माराव्यात असं शर्मांच्या बाजूनेही घडत नव्हतं.

चारेक महिन्यांनी शर्मा आजारी पडले आणि त्यांना गाव सोडावं लागलं. त्यांच्या जागी मोहम्मद नावाचे मध्यमवयीन मुस्लिम शिक्षक आले. बेरेमन तेच, गाव तेच, प्रश्नही बरेचसे तेच. उत्तरं मात्र बदलली. मोहम्मद गावाच्या जातीच्या उतरंडीबाहेरचे होते. राजपुतांना त्यांच्यापुढे धार्मिक शुद्धतेचा देखावा करून काही मिळणार नव्हतं, आणि कनिष्ठ जातींना ते वरच्यांचे हस्तक वाटत नव्हते. कनिष्ठ जातीचे लोक मोकळेपणाने बोलू लागले आणि वरच्यांनी काय काय झाकून ठेवलं होतं तेही सांगू लागले.

इथे बेरेमन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांची मांडणी वापरतात. माणसं दुसऱ्यांपुढे एक ‘दर्शनी’ रूप उभं करतात, आणि त्यामागे एक आतली बाजू असते, जिथे परक्याला प्रवेश नसतो. सिरकंड्यात उच्च जातींच्या आतल्या बाजूची सगळ्यात चांगली माहिती कनिष्ठ जातींकडेच होती, कारण कामाच्या निमित्ताने तेच त्यांच्या जवळ वावरत. उलट दिशेने मात्र तसं नव्हतं. कनिष्ठ जातींच्या मनात काय आहे याची उच्च जातींना फारशी कल्पना नव्हती. ज्याच्याकडे सत्ता कमी, त्याला वरच्याची खोड ओळखून राहावंच लागतं. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याला तशी गरज पडत नाही.

वर्गात इथे हमखास एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो. दर्शनी रूप खोटं आणि आतलं खरं, असं मानलं जातं. बेरेमन तसं म्हणत नाहीत. राजपूत कुटुंबाला मैदानी ब्राह्मणापुढे शाकाहारी दिसायचं होतं, हीसुद्धा त्या गावाविषयीची एक पक्की वस्तुस्थिती आहे. प्रतिष्ठेचा मापदंड कुठून येतो, हे त्यातून कळतं. पाहिलेल्या दोन गोष्टींमधली तफावत हीच इथे माहिती आहे. तफावत दिसली की एक बाजू खोडून टाकायची, असं केलं तर त्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग हातातून जातो.

दुभाष्या बदलला म्हणून, की वेळ गेला म्हणून?

या प्रकरणाला विचारावा असा अधिक कठीण प्रश्न वेगळा आहे. मोहम्मद आले तोपर्यंत बेरेमन गावात चार महिने राहिलेले होते. सुरुवातीला लोकांनी त्यांच्याविषयी नाना शंका घेतल्या होत्या. हा मिशनरी आहे, सरकारचा माणूस आहे, कर किंवा जंगलाच्या कायद्यासाठी माहिती गोळा करतोय, असे संशय होते. चार महिन्यांत त्यातले बरेच विरले होते. मग लोक खुलले ते मोहम्मदांमुळे, की ओळख वाढल्यामुळे?

हे निखळपणे वेगळं करता येत नाही. दोन दुभाषे एकाच वेळी दोन सारख्या गावांत असते तर तुलना करता आली असती. इथे तशी सोय नव्हती. तरी काही खुणांवरून अंदाज बांधता येतो. नुसत्या ओळखीमुळे मोकळेपणा आला असता तर तो सगळ्या गटांमध्ये आणि सगळ्या विषयांत थोडाथोडा वाढला असता. बेरेमनांच्या वर्णनात तो एकसारखा वाढत नाही. कनिष्ठ जातींकडून तो जास्त येतो, आणि शर्मांपासून जे दडवलं जात होतं त्याच विषयांत ठळकपणे येतो. यामुळे दुभाष्याच्या स्थानाचा परिणाम मानायला बळकटी मिळते. पण मोहम्मद पहिल्या दिवसापासून असते तर त्यांनाही हेच ऐकायला मिळालं असतं का, याचं उत्तर या प्रकरणातून निघत नाही. निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासात इतपतच सांगता येतं, आणि इतपत सांगणं म्हणजे कमी सांगणं नव्हे.

यातून क्षेत्रकार्यासाठी एक नेमकी सवय निघते. वहीत उत्तर लिहिताना त्या वेळी कोण हजर होतं, कुठल्या जागी संभाषण झालं आणि कुणामार्फत झालं, हेही त्याच नोंदीत लिहायचं. ‘गावकरी मांस खात नाहीत’ असं वाक्य लिहिलं की पुढच्या महिन्यात त्याच्याशी विसंगत माहिती आली तर कोणती बरोबर, एवढाच प्रश्न उरतो. ‘राजपूत कुटुंबप्रमुख शर्मांसमोर म्हणाले की आम्ही मांस खात नाही’ असं लिहिलं तर दोन्ही नोंदी टिकतात आणि एकमेकींना अर्थ देतात.

यजमानाच्या घरातून काय दिसतं?

बेरेमन परदेशी होते, म्हणून त्यांना हे झालं. भारतीय संशोधकाला ही अडचण येणार नाही, असं मानणाऱ्यांनी एम. एन. श्रीनिवास यांचं ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ वाचावं. श्रीनिवास मैसूरचे. मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्या हाताखाली शिकले, मग ऑक्सफर्डला गेले, आणि १९४८ मध्ये मैसूरजवळच्या एका गावात राहिले. या गावालाही त्यांनी ‘रामपुरा’ असं टोपणनाव दिलं. ते गावच्या मुख्याच्या, म्हणजे पाटलाच्या, आश्रयाने राहिले. मुख्या ओक्कलिग या शेतकरी जातीचा आणि गावातला बलवान माणूस होता.

श्रीनिवास जन्माने अय्यंगार ब्राह्मण होते. विचाराने आधुनिक असले तरी गावाने त्यांना ब्राह्मण म्हणूनच वागवलं. अंघोळ झाल्यावर दाढी केली म्हणून मुख्याने त्यांना हटकल्याचा प्रसंग त्यांनी लिहिला आहे. दाढी आधी, अंघोळ नंतर, हा शुद्धतेचा क्रम ब्राह्मणाने मोडायचा नव्हता. संशोधक गावाचं निरीक्षण करत होता तसं गावही त्याचं करत होतं, आणि त्याला त्याच्या जागेवर ठेवत होतं. हरिजन आणि मुस्लिम वस्त्यांशी आपला संबंध पुरेसा आला नाही, हे त्यांनी मान्य केलं आहे. त्या घरात राहून सहज जिथे जाता येत होतं त्यापलीकडे जायला मुद्दाम प्रयत्न करावा लागला असता.

मात्र याच जागेवरून त्यांना असं काही दिसलं जे अन्यत्र राहून कदाचित दिसलं नसतं. ‘प्रभुत्वशाली जात’ ही त्यांची गाजलेली संकल्पना रामपुऱ्यातून आली. संख्येने मोठी, जमीन ताब्यात असलेली जात वर्णक्रमात सगळ्यात वर नसतानाही गावाचे तंटे कसे सोडवते आणि कुणाला कामाला लावते, हे मुख्याच्या ओसरीवर रोज घडत होतं. १९५९ मध्ये त्यांनी रामपुऱ्यातल्या प्रभुत्वशाली जातीवर स्वतंत्र लेख लिहिला. म्हणजे संशोधकाचं स्थान फक्त झाकत नाही, दाखवतंही. पाटलाच्या घरातून सत्ता कशी चालते ते उत्तम दिसतं. ती कुणावर कशी पडते ते तिथून नीट दिसत नाही.

आंद्रे बेतेय यांचा अनुभवही असाच. १९६१-६२ मध्ये तंजावर जिल्ह्यातल्या ‘श्रीपुरम’ गावात ते अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत राहिले. त्यामुळे गावाने त्यांना ब्राह्मणांच्या बाजूचं धरलं आणि आदिद्रविड वस्तीशी त्यांचा संबंध मर्यादित राहिला. १९६५ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात हे त्यांनी नोंदवलं आहे. श्रीनिवास आणि बेतेय या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. बाहेरच्या माणसाला गावात जागा देण्याची ऐपत आणि अधिकार बहुधा वरच्यांकडे असतो. राहायची सोय चांगली झाली की अर्धा अभ्यास त्या सोयीने आखून दिलेला असतो.

‘ते आपलं स्थान मान्य करतात’ हे विधान कोण करतं?

आता न्याय्य चित्रणाच्या प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी एकच विधान घेऊ. ‘कनिष्ठ जातींचे लोक जातिव्यवस्थेतलं आपलं स्थान मान्य करतात, पूर्वजन्मीच्या कर्माचं फळ म्हणून ते त्याकडे पाहतात.’ भारतावरच्या कितीतरी पुस्तकांत हे कुठल्या ना कुठल्या रूपात आलेलं आहे.

लुई ड्युमों या फ्रेंच अभ्यासकाने १९६६ च्या आपल्या ग्रंथात जातीचा पाया शुद्ध-अशुद्ध या धार्मिक भेदात असल्याचं मांडलं. त्यानुसार सत्ता आणि संपत्ती दुय्यम, आणि उतरंडीची कल्पना समाजाला एकत्र बांधणारी. बेरेमन यांनी १९७१ मध्ये त्यावर उघड टीका केली. हा जातीचा ब्राह्मणी दृष्टिकोन आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ग्रंथांतून आणि वरच्या जातींच्या तोंडून ऐकलेली व्यवस्था सगळ्यांची म्हणून सांगितली गेली, हा त्यांचा आक्षेप होता. सिरकंड्यात त्यांनी ऐकलं होतं ते वेगळं होतं. आपलं हीन स्थान न्याय्य आहे, असं कनिष्ठ जातीचे लोक खाजगीत मानत नव्हते. उघडपणे तसं बोलण्याची किंमत मात्र त्यांना ठाऊक होती. १९६० मध्येच त्यांनी भारतातली जात आणि अमेरिकेच्या दक्षिणेतला वर्णभेद यांची तुलना करणारा लेख लिहिला होता. दोन्हीकडे वरचे लोक खालच्यांच्या समाधानाची ग्वाही देतात, आणि दोन्हीकडे ती ग्वाही तपासून घ्यावी लागते.

जोन मेंचर यांनी १९७४ च्या लेखात जात खालून पाहायला हवी, असं आग्रहाने मांडलं. तमिळनाडूतल्या चिंगलपुट भागात आणि केरळात त्यांनी काम केलं होतं. शेतमजुरी, जमीन आणि वेतन यांकडे त्या पाहत होत्या. खालून पाहिलं की जात ही शोषण टिकवणारी आणि राबणाऱ्यांना एकत्र येऊ न देणारी व्यवस्था दिसते, असा त्यांचा निष्कर्ष.

इथवर गोष्ट सोपी वाटते. वरच्यांसोबत बसलेल्याला संमती दिसते आणि खालच्यांसोबत बसलेल्याला विरोध. पण १९७९ मध्ये मायकेल मॉफट यांचं पुस्तक आलं आणि हा साधा हिशेब मोडला. त्यांनीही चिंगलपुट भागातल्याच एका गावात, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातच अभ्यास केला. निष्कर्ष मात्र उलटा. गावाच्या देवळापासून आणि सेवांपासून बाहेर ठेवलेल्या या लोकांनी आपल्यातच तशीच उतरंड उभी केली होती. त्यांचे स्वतःचे पुजारी होते, न्हाव्याचं आणि धोब्याचं काम करणारे वेगळे गट होते, आणि त्यांच्याहूनही खालचे मानले गेलेले लोक होते. यावरून मॉफट म्हणाले की हे लोक व्यवस्थेच्या मूल्यांशी मुळात सहमत आहेत.

एकच भाग, दोघांचंही लक्ष तळाकडे, तरी उत्तरं परस्परविरोधी. म्हणजे कुणासोबत बसलो एवढ्याने निष्कर्ष ठरत नाही. काय पाहिलं, तेही विचारावं लागतं. मॉफट यांच्या पुराव्याचं वजन विधी, देवता आणि आपसातल्या सेवांवर आहे. मेंचर यांचं वजन शेतावरच्या कामावर आणि मजुरीवर आहे. शिवाय मॉफट यांच्या तर्कात एक फट आहे. एखादी गोष्ट आपल्यातही करणं आणि तिच्यामुळे आपल्याला मिळालेलं स्थान न्याय्य मानणं, या दोन वेगळ्या बाबी आहेत. आपल्यापेक्षा खालच्याला दूर ठेवणारा माणूस आपल्याला दूर ठेवणाऱ्यावर चिडलेलाही असू शकतो. पण मेंचर यांच्या बाजूलाही प्रश्न आहे. मजुरीवर बोलताना चीड दिसली म्हणून तोच माणूस लग्न जुळवताना किंवा जत्रेत उतरंड पाळत नसेल, असं म्हणता येत नाही.

म्हणून ‘ते मान्य करतात की नाही’ हा प्रश्न इतक्या ढोबळ स्वरूपात सोडवताच येत नाही. कोण, कुणासमोर, कशाविषयी बोलताना, आणि बोलणं महागात पडू शकतं अशा स्थितीत की सुरक्षित स्थितीत, हे जोडलं की त्याचं उत्तर निघतं. ते उत्तर एका वाक्यात मावत नाही, पण ते खरं असतं.

घरचा माणूस लिहितो तेव्हा?

बाहेरच्याच्या मर्यादा एवढ्या असतील तर त्या समाजातल्याच माणसाने लिहावं, असा उपाय चर्चेत लगेच सुचवला जातो. मराठीत या उपायाची परीक्षा घेण्याची सोय आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. आत्रे मराठी होते, महसूल खात्यात काम केलेले होते आणि खेड्याचा तपशील त्यांना हातच्या रेषांसारखा माहीत होता. बलुतेदारी, गावकामगार, भटक्या जमाती यांचं इतकं बारकाईचं वर्णन त्याआधी मराठीत झालेलं नव्हतं. पण ते वाचताना एक कल सतत जाणवतो. कुणब्याच्या डोक्यावर बलुतेदारांचा आणि मागत्यांचा बोजा आहे, या अंगाने ते गावाकडे पाहतात. सारा वसूल करणाऱ्या खात्याच्या माणसाला शेतकऱ्याच्या खळ्यातून काय काय बाहेर जातं, हे ठळक दिसणं स्वाभाविकच होतं.

दया पवार यांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं. त्यात तोच व्यवहार घेणाऱ्याच्या बाजूने येतो. खळ्यावर मिळणाऱ्या वाट्यामागे कोणती कामं होती आणि ती करताना माणूस म्हणून काय सोसावं लागलं, हे तिथे कळतं. दोघेही मराठी, दोघेही आतले. मग ‘आतला’ म्हणजे नेमका कशाच्या आतला, हे विचारल्याशिवाय तो उपाय पुरा पडत नाही. भाषेच्या आतला माणूस वस्तीच्या बाहेरचा असू शकतो. आणि ‘बलुतं’ हे आत्मकथन आहे. एका माणसाचं जगणं सांगण्याचा हक्क त्यात आहे, साऱ्या समाजाचा सर्वसाधारण अहवाल देण्याचा दावा त्यात नाही. गावगाड्याला असा दावा आहे, म्हणून त्याची छाननीही जास्त कडक व्हायला हवी.

नाव बदललं म्हणजे झाकलं गेलं का?

एक प्रश्न चर्चेत बऱ्याचदा शेवटी उरकला जातो. सिरकंडा, रामपुरा, श्रीपुरम ही सगळी टोपणनावं. बाहेरच्या वाचकापासून ती गावाला थोडंफार झाकतात. गावातल्या माणसाला गावातल्याच माणसापासून ती झाकत नाहीत. न्हाव्यांची मोजकी घरं असलेल्या वस्तीत ‘एका न्हाव्याने राजपुतांविषयी असं सांगितलं’ असं छापलं, तर तो कोण हे ओळखायला गावाला वेळ लागत नाही. आणि नेमकी हीच माहिती, वरच्यांची आतली बाजू, कनिष्ठ जातींकडून मिळालेली असते. म्हणजे अभ्यासाचा सगळ्यात मोलाचा भाग ज्याने दिला, त्यालाच त्यापासून सगळ्यात जास्त धोका. संशोधक वर्षभराने निघून जातो. सांगणारा त्याच लोकांच्या शेतावर काम करत राहतो.

इथे आधीच्या मागणीशी खरा संघर्ष येतो. कुणी, कुणासमोर, काय म्हटलं हे लिहा, असं आपण वर म्हटलं. पण ते सगळं छापलं तर माणूस उघडा पडतो. यातून निघायचा मार्ग म्हणजे वहीत सगळं लिहायचं आणि छापताना ओळख पटवणारा तपशील गाळायचा, पण बोलण्याची स्थिती गाळायची नाही. कोणत्या घरचा न्हावी हे सांगायची गरज नाही. हे म्हणणं कनिष्ठ जातीच्या माणसाने, उच्च जातीचं कुणी नसताना सांगितलं, एवढं मात्र वाचकाला कळायलाच हवं. जिथे तेवढ्यानेही माणूस ओळखू येत असेल तिथे ती गोष्ट न छापणं हाच पर्याय उरतो.

या सगळ्या अभ्यासांत एक रचना वारंवार दिसते. संशोधक आपल्या स्थानाविषयी प्रामाणिकपणे लिहितो, पण ते प्रास्ताविकात किंवा पहिल्या प्रकरणात. श्रीनिवास यांनी तसंच केलं, बेरेमन यांचं प्रकरणही त्यांच्या ग्रंथात प्रास्ताविक म्हणून गेलं. पुढे लग्न, देव, शेती यांची प्रकरणं सुरू झाली की वाक्यं पुन्हा ‘गावकरी मानतात’, ‘गावात अशी समजूत आहे’ अशी होतात. कोण मानतं, हे तिथे पुसट होतं. पहिल्या प्रकरणातला प्रामाणिकपणा दहाव्या प्रकरणातल्या वाक्यापर्यंत पोचत नाही.

न्याय्य चित्रण म्हणजे प्रत्येक गटाला सारखी पानं देणं नव्हे, आणि लेखकाने सुरुवातीला आपली जात, लिंग आणि देश सांगून मोकळं होणंही नव्हे. कुठल्याही एथ्नोग्राफीच्या मधल्या प्रकरणातली ‘गावकरी’ने सुरू होणारी दहा वाक्यं काढावीत आणि प्रत्येकापुढे विचारावं, यातले गावकरी कोण, हे लेखकाला कुणी सांगितलं, आणि ते कुणासमोर सांगितलं. ज्या वाक्यांना उत्तर मिळतं ती त्या समाजाविषयी आहेत. ज्यांना मिळत नाही ती बहुतेक वेळा लेखकाच्या यजमानाविषयी असतात.